कडेला कापलेला मेनू

मुलुंड पूर्वेहून मावशीचा फोन आला तेव्हा मी अंधेरीत एडिटिंगच्या टेबलावर होतो. "अरे, त्या ॲपची डावीकडची पट्टी अर्धीच दिसते. शोधायचं चिन्ह कुठे गेलं तेच कळत नाही. आणि खाली लिहून येतं ना, त्याची दुसरी ओळ गायब." काकांना ऐकू कमी येतं. ते सिनेमा सबटायटल लावूनच बघतात. ती ओळ दिसली नाही तर त्यांच्या हाती फक्त हलणारी तोंडं उरतात. शेजारच्यांनी निदान करून टाकलं होतं की पॅनल गेलं, आता नवा टीव्ही घ्या. मला ते पटलं नाही. पॅनल बिघडलं की उभ्या रेघा येतात, डाग पडतात, एखादा भाग काळा होतो. चित्र मोठं होऊन कडेबाहेर सरकणं हे पॅनलचं दुखणं नव्हे.

कडेबाहेर जाणाऱ्या चित्राशी माझा रोजचा संबंध आहे. मी मालिकांचं संकलन करतो आणि आमच्या मॉनिटरवर चित्राच्या आत दोन चौकटी आखता येतात. जुना दंडक असा, की महत्त्वाची हालचाल बाहेरच्या चौकटीत, म्हणजे चित्राच्या नव्वद टक्क्यांत ठेवायची आणि अक्षरं आतल्या, ऐंशी टक्क्यांच्या चौकटीत. कारण घरातला टीव्ही चित्राच्या कडा कापणार हे गृहीतच धरलेलं असे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हाचे संच काचेच्या नळीचे होते. विजेचा दाब कमी झाला की त्या नळीवरचं चित्र आकसायचं, संच जुना झाला की एका बाजूला सरकायचं. कडेला काळी फट दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र काचेपेक्षा थोडं मोठं ठेवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. नळी गेली, सपाट पडदे आले, त्यांना या युक्तीची गरजच नाही, तरी कितीतरी टीव्हींत ती अजून मूळ सेटिंग म्हणून चालू असते. मालिकेत त्याने फारसं बिघडत नाही. ॲपचा मेनू मात्र कडेलाच बसलेला असतो.

मावशीकडे त्रेचाळीस इंची फुल एचडी टीव्ही आहे. टीव्हीतली ॲप जुनी झाली, त्यांचे अपडेट येईनासे झाले, म्हणून तिने एक स्ट्रीमिंग स्टिक घेतली. पहिल्या एचडीएमआय पोर्टला केबलचा सेट-टॉप बॉक्स, दुसऱ्याला ही स्टिक. मी गेलो आणि आधी काहीच बदललं नाही. कापतंय कोण, हे आधी ठरवायचं होतं.

त्यासाठी टीव्हीचा रिमोट घेतला, स्टिकचा नव्हे, आणि मेनूचं बटण दाबलं. टीव्हीचा स्वतःचा मेनू चारही बाजूंनी पूर्ण आला. टीव्ही बाहेरून आलेलं चित्र आधी ताणतो किंवा कापतो आणि आपला मेनू त्यानंतर वर चढवतो. त्यामुळे हा मेनू शाबूत आणि खालचं चित्र कापलेलं असेल, तर पडदा ठणठणीत आहे आणि दोष चित्राच्या मापात आहे. मग स्टिकच्या सेटिंगचं पान उघडलं. तेही डावीकडे कापलेलं होतं. ही खूण महत्त्वाची. एकच ॲप कापलं जात असतं आणि बाकी सगळं नीट असतं, तर त्या ॲपकडे बोट दाखवता आलं असतं. इथे स्टिकचं सगळंच बाहेर जात होतं, म्हणजे ॲप पुसून पुन्हा टाकण्यात काही अर्थ नव्हता. मावशीने ते दोनदा करून पाहिलं होतं.

टीव्हीच्या Picture मेनूत Picture Size उघडलं. तिथे Zoom लागलेलं होतं.

"काका, हे बटण तुम्ही दाबलं होतं का?" मी रिमोटवरचं बटण दाखवलं.

"हो, दाबलं ना. केबलवर जुना सिनेमा लागला होता. चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढं चित्र. हे दाबलं की मोठं होतं."

काकांनी केलं ते त्या चॅनलपुरतं अगदी बरोबर होतं. रुंद सिनेमा आधी जुन्या ४:३ चौकटीत बसवलेला, म्हणून वर-खाली काळं. ती चौकट पुन्हा १६:९ च्या पडद्यावर आली, म्हणून डावी-उजवीकडे काळं. झूम केल्यावर सिनेमा पडद्याच्या पूर्ण रुंदीला भरतो आणि त्यातलं काहीच कापलं जात नाही. अडचण पुढची. काही टीव्ही हे माप प्रत्येक पोर्टसाठी वेगळं लक्षात ठेवतात. मावशीचा टीव्ही सगळ्या एचडीएमआय पोर्टना एकच माप लावत होता. केबलसाठी केलेलं झूम स्टिकलाही लागू झालं.

झूम काढून १६:९ केलं आणि मावशी चकित झाली. मेनू पूर्ण दिसला, पण आता ॲपभोवती चारही बाजूंना काळी चौकट आली. "आता हे लहान कसं झालं?" मी १६:९ वरून Screen Fit वर गेलो, तर चौकट आणखी जाड झाली.

या दोन पायऱ्यांत दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली, १६:९ हे नाव निर्दोष वाटतं, पण ते फक्त आकार सांगतं. कडा कापायच्या की नाही ते सांगत नाही. मावशीच्या टीव्हीवर १६:९ मध्ये ओव्हरस्कॅन चालू होता, Screen Fit मध्ये बंद. प्रत्येक कडेला अडीच टक्के कापलं जात असेल, तर १९२० बाय १०८० च्या चित्रातले डावीकडून ४८, उजवीकडून ४८, वरून २७ आणि खालून २७ ठिपके जातात. त्रेचाळीस इंची पडद्यावर एका बाजूचं हे माप जवळजवळ अडीच सेंटिमीटर भरतं. दुसरी गोष्ट, चित्र स्टिककडूनच लहान होऊन येत होतं. चारही बाजूंना काळं असणं ही त्याचीच खूण.

ते कोणी केलं तेही कळलं. वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा मदतीला आला होता. त्याने स्टिकच्या Display सेटिंगमधलं Calibrate Display उघडून चित्र जमेल तेवढं आत ओढलं होतं. ही सोय खरंच अशा वेळेसाठी आहे: कोपऱ्यांत बाण दिसतात, रिमोटने चित्र लहान-मोठं करायचं आणि बाणांची टोकं पडद्याच्या कोपऱ्यांना भिडली की थांबायचं. पण टीव्ही झूमवर असताना ती टोकं भिडेपर्यंत चित्र आत येईना, म्हणून मेनू अर्धाच राहिला. आणि आलं असतं तरी मी ते तसं ठेवलं नसतं. स्टिक चित्र आकसते, त्यात ठिपके नव्याने मोजले जातात. टीव्ही तेच पुन्हा ताणतो, ठिपके परत मोजले जातात. चेहरे त्यात खपून जातात. बारीक अक्षरांच्या कडा मात्र पुसट होतात, आणि काकांना हवी ती अक्षरंच.

म्हणून माझा आग्रह असतो की टीव्हीने कापणं बंद करावं आणि स्टिकने पूर्ण चित्र द्यावं, म्हणजे आलेला प्रत्येक ठिपका पडद्यावरच्या एकेका ठिपक्यावर बसतो. टीव्ही Screen Fit वर ठेवून मी Calibrate Display मध्ये चित्र पूर्ण मोठं केलं. बाण कोपऱ्यांना भिडले, काळी चौकट गेली. सबटायटलच्या दोन्ही ओळी आल्या आणि अक्षरं आधीपेक्षा रेखीव दिसली. क्रमही हाच ठेवावा. टीव्ही झूमवर असताना स्टिकचं माप ठरवलं, तर ते चुकीच्या चौकटीला जुळतं.

वेगवेगळ्या टीव्हींत या कापणं-बंद सेटिंगची नावं निराळी आहेत. सॅमसंगमध्ये Picture Size Settings मध्ये Fit to Screen किंवा Screen Fit असतं, एलजीमध्ये Aspect Ratio मध्ये Just Scan, सोनीच्या बऱ्याच संचांत Full pixel. कुठे Dot by Dot, कुठे नुसतं Overscan आणि पुढे Off. ज्या पोर्टवर अडचण आहे तो चालू ठेवूनच हा मेनू उघडावा, नाहीतर बदल भलत्याच पोर्टला लागतो. टीव्हीतलंच ॲप चालू असताना मात्र हा पर्याय पुष्कळदा करडा, निवडता न येणारा दिसतो. तिथे चित्राच्या सेटिंगने काही होत नाही. ॲप पूर्ण बंद करून, टीव्हीचा प्लग थोडा वेळ काढून पुन्हा लावावा आणि ॲपचा अपडेट बघावा.

असाच एक निराळा प्रकार घाटकोपरला माझ्या सहकाऱ्याच्या घरी पाहिला. फोर-के टीव्ही, त्याला अँड्रॉइड बॉक्स. एकच ॲप पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर चौथ्या हिश्शात उघडायचं, बाकी काळं. त्याने टीव्हीचे सगळे आकार फिरवून झाले होते. अचूक पाव भाग आणि तोही कोपऱ्यात, हे ओव्हरस्कॅनचं लक्षण नाही. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०. त्याच्या निम्मी रुंदी आणि निम्मी उंची म्हणजे १९२० बाय १०८०. बॉक्स फोर-केचा पडदा मांडत होता आणि ॲप आपलं फुल एचडी चित्र न ताणता कोपऱ्यात ठेवत होतं. बॉक्सच्या Display मध्ये रिझोल्यूशन Auto वरून 1080p केलं, ॲपला Force stop देऊन पुन्हा उघडलं आणि ते पडदाभर झालं. ॲपचा पुढचा अपडेट येईपर्यंत त्याने बॉक्स तसाच ठेवला.

मुलुंडला काकांचा एक प्रश्न राहिला होता. स्टिकवर एक नवा सिनेमा लावला, तर वर-खाली काळ्या पट्ट्या. "हेही बिघडलंय का?" नाही. तो सिनेमा २.३९ ला १ अशा रुंद मापात केलेला आहे. १९२० रुंदीला त्याची उंची साधारण ८०३ ठिपके येते, उरलेले २७७ वर-खाली काळे राहतात. त्यांचं आवडतं जुनं नाटक ४:३ मधलं, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी २४० ठिपके काळं असणार. दोनच बाजूंना काळं असेल आणि मेनू पूर्ण दिसत असेल, तर चित्र मूळ मापात आहे. ते नाटक ताणलं तर माणसं जाडी दिसतात, झूम केलं तर नटांची कपाळं कापली जातात.

पण केबलवरचा तो पोस्टकार्डाएवढा सिनेमा तरी काकांना मोठा हवाच होता, आणि ते मागणं रास्त होतं. मी सेट-टॉप बॉक्सचा रिमोट घेतला. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये चित्राच्या मापाचा स्वतंत्र पर्याय निघाला. तिथे झूम केलं की ते बॉक्समध्येच होतं, टीव्हीला आणि स्टिकला त्याचा पत्ताही लागत नाही. काकांनी तो पर्याय स्वतः शोधून, लावून, काढून पाहिला. टीव्हीच्या रिमोटवरच्या झूमच्या बटणावर मावशीने चिकटपट्टीचा तुकडा लावला.