थरांचा हिशेब

मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाल्यानंतर माझ्या भाच्याने निघोज्यास, गावठाणालगतच्या आपल्या जागेत, कारखान्यांतील कामगारांकरिता भाड्याच्या खोल्यांची एक ओळ बांधावयास काढली आणि तिच्या देखरेखीचा जिम्मा रीतसर माझ्या गळ्यात घातला. खेड तालुक्यातील हे गाव चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आल्यापासून, आणि महिंद्र व फोक्सवॅगन यांचे मोटारींचे कारखाने या शिवारात उभे राहिल्यापासून, येथे अशा खोल्यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. त्या बांधणारी मुले मात्र बिगारी म्हणून येतात आणि वर्षा-दोन वर्षांत थापी हाती घेतात. त्यांना शिकविणारा कोणी नसतो असे नव्हे, पण शिकविणाऱ्यालाही भिंत वर न्यावयाची घाई असते.

मागील भिंत 9 मीटर लांबीची व 230 मिलिमीटर जाडीची होती. आमच्याकडील दोन शिकाऊ गवंड्यांपैकी थोरल्याने दोन्ही कोपऱ्यांवर एकेक वीट ठेवून दोरी ताणली, आणि मी पट्टी कोठे आहे असे विचारताच तो म्हणाला, "साहेब, पट्टी कशाला? लेव्हल दोरीच दाखवते की."

दोरी लेव्हल दाखवीत नाही. ती दोन बिंदू सरळ रेषेने जोडते, एवढेच तिचे ज्ञान. एका कोपऱ्यावरील वीट दुसरीहून वर असेल तर दोरी तो फरक तक्रार न करता सबंध भिंतीवर वाटून देते. आमच्या दफ्तरातील नकलनवीस जसा मूळ कागदातील चूकही सुवाच्य अक्षरात उतरवीत असे, तशीच दोरीची जात आहे. मूळ कागद म्हणजे कोपरे, आणि कोपऱ्यांना शिस्त लावते ती पट्टी.

पट्टी करावयाची तर आधी वीट मोजावी लागते. आमच्या फ्लाय ॲशच्या विटा बोलीप्रमाणे 75 मिलिमीटर उंचीच्या होत्या. ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून 20 विटा उचलून, त्या उंचीच्या बाजूने एकमेकींना चिकटवून ओळीत मांडल्या, तेव्हा एकूण माप 1500 च्या अगदी जवळ आले, यद्यपि सुट्या विटा 73 पासून 77 पर्यंत होत्या. दर्जेला 10 मिलिमीटर धरले तर एक थर 85 चा होतो. पण जोत्यापासून लिंटेलच्या तळापर्यंतची उंची 2100 होती आणि 2100 ला 85 ने भागले असता 24 पूर्ण थर व वर पाऊण थराहून थोडे कमी उरते. हे उरलेले निस्तरण्याकरिताच बहुधा शेवटी विटा तासाव्या लागतात किंवा मालाचा जाड पट्टा भरावा लागतो. आम्ही 25 थर धरले. एका थरास 84 आले, अर्थात दर्ज 9 ची. खिडकीची बैठक भाच्याला 900 वर हवी होती. ती 11 थरांवर, म्हणजे 924 वर घ्यावयास मी त्याला राजी केले, कारण चोवीस मिलिमीटरांनी कोणाच्याही वाऱ्यात तूट येत नाही.

मग एक सरळ, मुरलेली सागवानी पट्टी घेऊन तिच्यावर 84, 168, 252, 336 अशा खुणा केल्या. ह्या सर्व खुणा शून्यापासूनच, पसरलेल्या टेपवर पाहून करावयाच्या. 84 चा एक तुकडा कापून तो पुढे पुढे सरकवीत गेल्यास प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी पंचविसाव्या खुणेशी ती बारा मिलिमीटरांच्या पुढे जाते. पेन्सिलीची खूण मालाने पुसून जाते, म्हणून आम्ही करवतीने बारीक खाचा पाडल्या आणि अकरावी व पंचविसावी लाल रंगविली. खाच म्हणजे विटेचा माथा, दर्जेचा मध्य नव्हे, हे मुलांना दोनदा सांगावे लागले.

पुढचा प्रश्न असा की, पट्टी टेकवावयाची कशावर? जोत्यावर, हे सहज सुचणारे उत्तर. परंतु जोते समपातळीत आहे हे कोणी पाहिले होते? दोन्ही कोपऱ्यांबाहेर लोखंडी अँगल उभे रोवून, पारदर्शक नळीत पाणी भरून, आत हवेचा बुडबुडा नाही व दोन्ही तोंडे उघडी आहेत याची खात्री करून, आम्ही दोन्ही अँगलांवर एकाच पातळीची रेघ मारली. जोते जेथे सर्वांत उंच होते त्या पूर्वेच्या कोपऱ्यापासून ही रेघ 1008 वर, म्हणजे नेमकी बाराव्या खाचेइतकी, घेतली होती. पट्टीची बारावी खाच पूर्वेकडील रेघेशी जुळविली तेव्हा तिचे खालचे टोक जोत्याला लागले. पश्चिमेकडे जुळविली तेव्हा ते 18 मिलिमीटर अधांतरी राहिले.

"हे चार-पाच थरांत मुरवून टाकू," असे धाकटा म्हणाला, आणि बाजारात बहुधा असेच होते. पण मग तेवढे थर उतरते राहतात, दर्जा एका टोकाला पातळ व दुसऱ्या टोकाला जाड होतात, आणि प्लास्टर न करावयाच्या भिंतीवर तो उतार रस्त्यावरून दिसतो. पहिल्याच थराखाली 27 मिलिमीटर माल भरणेही बरे नव्हे. तो जाड थर विटांच्या भाराखाली दबतो. सबब सखल भाग बारीक खडीच्या काँक्रीटने आधी भरून घेतला, तो घट्ट होऊ दिला आणि मगच पहिली वीट बसविली.

त्यानंतर दोन्ही कोपरे चार-पाच थर पायऱ्यापायऱ्यांनी वर घेतले. प्रत्येक थराला विटेचा माथा खाचेशी पाहावयाचा आणि दोन्ही तोंडांना ओळंबा लावावयाचा. मधला भाग दोरीने भरावयाचा तो यानंतर. येथे नऊ मीटरांच्या अंतराने आपला गुण दाखविला. मीटरला एक ग्रॅम वजनाची नायलॉनची दोरी दोन किलोंच्या ताणाने एवढ्या अंतरावर ओढली तरी मध्ये सुमारे 5 मिलिमीटर झोळ खाते, आणि तो पाहून विटा बसविल्या की प्रत्येक थर मध्यावर खचलेला निघतो. उपाय असा की, मध्यावर एक वीट दोरी पाहून नव्हे, तर नळीने पातळी आणून व पट्टीने मोजून बसवावी. पत्र्याच्या लहान तुकड्यात दोरी अडकवून तो तुकडा त्या विटेवर ठेवावा व वर सुट्या विटेचे वजन द्यावे. अंतर निम्मे झाले की झोळ चतुर्थांशावर येतो, आणि सव्वा मिलिमीटर डोळ्याला कळत नाही.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. विटेची कड दोरीला लागता कामा नये. दोहोंमध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. एका विटेने दोरी बाहेर ढकलली की पुढच्या विटा त्या ढकललेल्या दोरीला जुळतात व भिंतीला पोट येते. थोरल्याला मी सवय लावली की, दहा-बारा विटांनंतर दोरी बोटाने छेडून पाहावी: मोकळी असेल तर ती सबंध लांबीभर थरथरते, अडली असेल तर अडल्या जागी थांबते. दुपारी शिवारावरून वारा सुटला की दोरी आपोआप बाहेर झुकते. अशा वेळी मधला पत्रा दुहेरी उपयोगी पडतो.

वीट 73 ची असो वा 77 ची, माथा दोरीशी येतो आणि फरक खालच्या मालात जिरतो, म्हणून आडव्या दर्जा 7 ते 11 पर्यंत हलतात. तेवढे हलणे क्षम्य आहे. खात्यात आम्ही एकेक दर्ज मोजीत नसू, चार थर व त्यांमधील तीन दर्जा एकत्र मोजीत असू. 70 मिलिमीटरच्या विटांना ते माप 31 सेंटिमीटर यावे असा दंडक होता. आमच्या विटांना ते 327 मिलिमीटर येणे योग्य, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे आले. दिवसाकाठी एक मीटरहून अधिक भिंत न चढविण्याचा नियमही मी सोडला नाही, यद्यपि भाचा त्याबद्दल कुरकुरला.

शेजारच्या एका बांधकामावर दोन टोळ्यांनी दोन कोपऱ्यांवरून काम सुरू केले होते व पट्टी कोणाकडेच नव्हती. मी मुलांना तेथे नेऊन दोन्ही कोपऱ्यांचे थर मोजावयास लावले: एकीकडे 24, दुसरीकडे 25, आणि माथा मात्र दोन्हीकडे एकच. तो एक थर भिंतीच्या मधोमध तासलेल्या विटांत निमुळता होत विरला होता.

आमची भिंत पंचविसाव्या थराला लाल खाचेशी आली. दुसऱ्या ओळीसाठी भाच्याने दुसऱ्या कारखान्याच्या विटा आणल्या, त्या 80 भरल्या. तेव्हा जुनी पट्टी बाजूस ठेवून 2100 चे 24 भाग, म्हणजे साडेसत्त्याऐंशीचा थर, अशी नवी पट्टी करावी लागली. दर्ज साडेसातच मिलिमीटरची राहत असल्याने वाळू बारीक चाळणीने चाळून घेण्याचे व ढिगातील अधिक उंच विटा वेगळ्या काढण्याचे काम वाढले, आणि ते थोरल्याने माझ्या सांगण्यापूर्वीच धाकट्याच्या अंगावर टाकले होते.