रजेच्या उत्तरातील तीन वचने: निर्यात विभागातील एक अनुभव

रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ईमेल खात्यातून, त्याच्या गैरहजेरीत येणाऱ्या पत्रांना आपोआप जे उत्तर जाते, त्याला कार्यालयीन बोलीत ‘ऑटो रिप्लाय’ म्हणतात. परत येण्याची तारीख, तातडीच्या कामासाठी कोणाशी बोलावे आणि परतल्यानंतर वेळ कशी ठरवावी, या तीन गोष्टी त्यात असतात. ही तीन वाक्ये म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला दिलेली तीन वचने असतात. ती पाळण्याची सोय रजा सुरू होण्यापूर्वी केलेली नसेल, तर उत्तर वेळेवर जाऊनही काम अडते. प्रस्तुत लेखिकेला हा अनुभव २०२४ च्या दिवाळीत आला आणि २०२५ च्या दिवाळीपूर्वी तिने त्यानुसार आपले उत्तर नव्याने लिहिले. त्या दोन उत्तरांतील फरक येथे नोंदवला आहे.

लेखिका कोल्हापुरातील ओतकाम करणाऱ्या एका कारखान्याच्या निर्यात कागदपत्र विभागात काम करते. कारखान्यातील बिडाचे सुटे भाग कंटेनरमधून न्हावा शेवा बंदरामार्गे जर्मनीतील हँबुर्गला जातात. माल जहाजावर चढल्यावर जहाज कंपनी जी पावती देते, तिला ‘बिल ऑफ लेडिंग’ आणि रोजच्या बोलण्यात ‘बीएल’ म्हणतात. हीच पावती परदेशी बंदरात माल सोडवून घेण्याचा मुख्य आधार असते. मूळ बीएल निघण्यापूर्वी तिचा कच्चा मसुदा, म्हणजे ‘ड्राफ्ट बीएल’, तपासणीसाठी निर्यातदाराकडे येतो; ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती कळवली तर ती सहज होते, मुदत उलटल्यावर मात्र तिच्यासाठी शुल्क मोजावे लागते.

२०२४ मध्ये लेखिकेची रजा सोमवार, २८ ऑक्टोबर ते सोमवार, ४ नोव्हेंबर अशी होती. इंग्रजीत लिहिलेल्या उत्तराचा आशय असा होता: ‘मी ४ नोव्हेंबरपर्यंत रजेवर आहे, तातडीचे काम असल्यास माझ्या सहकाऱ्याशी संपर्क साधावा, परतल्यावर आपण वेळ ठरवू.’ त्याखाली सहकाऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक होता. वरवर पाहता यात काहीच कमी नव्हते, पण पुढच्या आठ दिवसांत यातील प्रत्येक वाक्य अपुरे ठरले.

पहिला दोष ‘पर्यंत’ या शब्दात होता. ‘चार तारखेपर्यंत’ म्हटल्यावर चार तारीख रजेत धरायची की कामात, हे मराठीत संदर्भावरून ठरते आणि उत्तरात वापरलेल्या इंग्रजी शब्दाचेही तसेच आहे. लेखिकेच्या मनात कामाचा पहिला दिवस ५ नोव्हेंबर होता, तर हँबुर्गच्या ग्राहकाकडील खरेदी विभागाने तो ४ नोव्हेंबर धरला. तारीख केवळ आकड्यांत लिहिण्यातही असाच धोका असतो, कारण ०५/११ ही भारतात पाच नोव्हेंबर असली तरी अमेरिकी वाचकासाठी ती अकरा मे असते. म्हणून रजेचा शेवटचा दिवस सांगण्याऐवजी कामाचा पहिला दिवस, वारासह आणि महिन्याचे नाव अक्षरांत लिहून सांगणे अधिक सुरक्षित ठरते. वार आणि तारीख जुळत नसतील, तर चूक लिहिणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, हा त्याचा आणखी एक लाभ.

या गैरसमजात यंत्राच्या एका नियमाची भर पडली. लेखिकेचे कार्यालय जीमेल वापरते आणि जीमेलमधील Vacation responder ही सोय एकाच माणसाने वारंवार लिहिले तरी त्याला प्रत्येक वेळी उत्तर पाठवत नाही. चार दिवस उलटून गेल्यावर त्याने पुन्हा लिहिले, तरच उत्तर पुन्हा जाते. खरेदी विभागाने शुक्रवारी, १ नोव्हेंबरला धातूच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा त्यांना रजेचे उत्तर मिळाले. सोमवारी, ४ नोव्हेंबरला त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा काहीच उत्तर गेले नाही. माणूस कामावर परतला आहे, पत्र त्याने वाचले आहे आणि तरी तो गप्प आहे, असाच अर्थ त्यांनी काढला, आणि हाती असलेल्या माहितीवरून तो चुकीचा म्हणता येत नाही. पहिले उत्तर स्वतःपुरते पूर्ण असले पाहिजे, हा धडा यातून मिळाला, कारण दुसरे जाईलच याची खात्री नसते.

अधिक महागात पडलेली चूक वेगळीच होती. जहाज कंपनीकडून ड्राफ्ट बीएल गुरुवारी, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लेखिकेच्या खात्यात आला. त्यात मालाचे एकूण वजन २१,४८० किलोऐवजी २४,१८० किलो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल होऊन, छापले गेले होते आणि दुरुस्ती कळवण्याची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारची होती. असे मसुदे संगणक प्रणाली आपोआप पाठवते आणि ज्या पत्त्यावरून ते येतात, तिथे आलेली पत्रे कोणी वाचत नाही. यंत्राने पाठवलेल्या पत्राला यंत्राने उत्तर देऊ नये, अशीच ईमेलच्या जगातील शिफारस आहे. RFC 3834 या २००४ च्या तांत्रिक दस्तऐवजात ती नोंदवलेली असून, दोन स्वयंचलित खाती एकमेकांना अखंड उत्तरे देत बसू नयेत, हा तिचा हेतू आहे. म्हणजे उत्तर गेले असते तरी ते वाचणारे कोणी नव्हते. मसुदा पाच दिवस तसाच पडून राहिला, चुकीच्या वजनाचीच बीएल निघाली, ती पॅकिंग लिस्टशी जुळेना आणि अखेर शुल्क भरून ती दुरुस्त करून घ्यावी लागली.

या प्रसंगाने ऑटो रिप्लायची मर्यादा स्पष्ट केली. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्या माणसाला माहिती मिळते, पण आलेले पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती जात नाही. यंत्राकडून येणाऱ्या पत्रांसाठी वेगळी व्यवस्था हवी, आणि ती २०२५ मध्ये दोन प्रकारे करण्यात आली. जहाज कंपनीकडे मसुद्यासाठी व्यक्तीच्या पत्त्याऐवजी विभागाचा सामाईक पत्ता नोंदवला गेला, आणि तरीही जुन्या पत्त्यावर येणारी अशी पत्रे त्या सामाईक पत्त्यावर वळवण्यासाठी जीमेलमध्ये फिल्टर लावला गेला. ज्या पत्त्यावर पत्रे वळवायची, त्या पत्त्यावरून आधी संमतीची पुष्टी द्यावी लागते, त्यामुळे हे काम रजेच्या आदल्या संध्याकाळवर ढकलता येत नाही.

तातडीच्या संपर्काचा दोष माणसांशी निगडित होता. सहकाऱ्याने २०२४ मध्ये प्रत्येक फोन उचलला, पण त्याच्याकडे ना फायली होत्या, ना बीएलवर निर्णय देण्याचा अधिकार. शिवाय ‘तातडी’ म्हणजे काय हे न सांगितल्यामुळे, जुन्या बिलाची चौकशी करणाऱ्या वाहतूकदारापासून नमुन्याची विचारणा करणाऱ्या नव्या ग्राहकापर्यंत सर्वांनी त्याच्या खाजगी क्रमांकावर फोन केले. तातडीची व्याख्या कालमर्यादेवरून करावी, असे लेखिकेचे त्यानंतर मत झाले: आपण परतण्यापूर्वी ज्याची मुदत संपते आणि संपल्यावर जे भरून काढता येत नाही, तेवढेच काम तातडीचे.

२०२५ मध्ये रजा शुक्रवार, १७ ऑक्टोबर ते रविवार, २६ ऑक्टोबर अशी होती. या वेळच्या उत्तराचा मराठी आशय असा:

‘मी रजेवर असून सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी १० वाजता (भारतीय वेळ) कामावर येईन, तोपर्यंत आपले पत्र माझ्याकडून वाचले जाणार नाही. २७ ऑक्टोबरपूर्वी सुटणाऱ्या जहाजावरील मालाची कागदपत्रे किंवा ड्राफ्ट बीएलची दुरुस्ती असेल, तर निर्यात विभागाच्या खालील पत्त्यावर बीजक क्रमांकासह लिहावे किंवा विभागाच्या दूरध्वनीवर सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत बोलावे. २१ ते २३ ऑक्टोबर कार्यालय बंद आहे. त्या दिवसांत या पत्त्यावरील पत्रे सकाळी ११ वाजता एकदा पाहिली जातील. इतर कामांसाठी २८ ऑक्टोबरपासूनची वेळ खालील दुव्यावरून निवडता येईल, किंवा २७ तारखेला दुपारनंतर विभागात फोन करून ठरवता येईल.’

यातील सामाईक पत्ता दोन सहकारी पाहत होते. चालू मालाची यादी, प्रत्येकाचे वजन, जहाजाचे नाव आणि मसुद्याची अपेक्षित तारीख यांसह, त्यांच्या हाती १६ ऑक्टोबरलाच देण्यात आली होती. बीएल मंजूर करण्याचा अधिकार त्यांना विभागप्रमुखांकडून लेखी मिळाला होता. रजेचे कारण, गावाचे नाव आणि कोणाचाही खाजगी क्रमांक उत्तरात नव्हता, कारण हे उत्तर अनोळखी माणसालाही जाते. ते केवळ ओळखीच्या पत्त्यांनाच पाठवण्याचा पर्याय जीमेलमध्ये आहे, परंतु नव्या ग्राहकाची चौकशी हीच निर्यात विभागाची मिळकत असल्याने तो निवडला नाही.

वेळ ठरवण्याच्या दुव्यासाठी गुगल कॅलेंडरमधील Appointment schedule ही सोय वापरली गेली; तीत आपल्या मोकळ्या वेळा समोरच्याला दिसतात आणि तो त्यांतील एक स्वतः निवडतो. दुवा पाठवण्यापूर्वी दुसऱ्या खात्यातून तो उघडून पाहिला असता, रजेच्या दिवसांतील वेळाही मोकळ्या दिसत होत्या. कॅलेंडरमध्ये ‘रजा’ अशी पूर्ण दिवसाची नोंद होती, परंतु अशी नोंद मुळात Free म्हणून धरली जाते. ती Busy केल्यावर त्या वेळा नाहीशा झाल्या. २७ ऑक्टोबरचा दिवसही साचलेली पत्रे वाचण्यासाठी याच रीतीने बंद ठेवला गेला. न वाचलेल्या पत्रावर चर्चा करण्यात दोघांचाही वेळ जातो, म्हणून परतल्याचा पहिला दिवस भेटींसाठी देऊ नये.

दुव्याचा एक लाभ त्या आठवड्यात विशेष जाणवला. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि २०२५ मध्ये तो रविवार २६ ऑक्टोबर, म्हणजे नेमका रजेचा शेवटचा दिवस होता. रजेवर जाताना भारतातील दुपारचे साडेतीन म्हणजे हँबुर्गचे बारा होते. परतल्यावर तेच अकरा झाले. ‘नेहमीच्या वेळी बोलू’ असे लिहिले असते, तर एक बाजू तासभर ताटकळली असती. दुव्यावर मात्र प्रत्येकाला आपापल्या ठिकाणची वेळ दिसते. वाहतूकदार आणि साचे बनवणारे कारागीर असे दुवे सहसा उघडत नाहीत, त्यांच्यासाठी फोनचा दुसरा मार्ग ठेवणे तितकेच आवश्यक होते.

शुक्रवारी, २४ ऑक्टोबरला माल घेणाऱ्याचा पत्ता चुकलेला एक ड्राफ्ट बीएल सामाईक पत्त्यावर आला, दोन सहकाऱ्यांपैकी एकाने ती चूक ओळखली आणि त्याच दिवशी मुदतीत दुरुस्त करून घेतली. लेखिकेला हे २७ तारखेला सकाळी समजले, तेव्हा त्या बाबतीत तिने करण्यासारखे काहीही उरले नव्हते.