सावत्र कोण?



मागच्या आठवड्यात माझी मावसबहीण चार दिवस राहायला आली होती. तिचं लग्न दोन वर्षांपूर्वी एका बिजवराशी झालं. पहिली बायको आजारात गेली. घरात सात वर्षांची मुलगी. आता ती बहिणीला आईच म्हणते. आमची जेवणं सूर्यास्ताआधी आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी असते. त्या दिवशी मी मुलांना हिमगौरीची गोष्ट सांगत होते. आरसा, विषारी सफरचंद, दुष्ट सावत्र आई, सगळं रंगवून. गोष्ट संपली आणि ती पोर हळूच म्हणाली, "मावशी, माझी आईपण सावत्रच आहे ना?"

बहीण दारात उभी होती. काही बोलली नाही, आत जाऊन भांडी आवरायला लागली. मला मात्र रात्रभर झोप नाही. तिच्या मनात मीच ते घातलं होतं.

म्हणून ही गोष्ट मुळात कुठली ते पुन्हा वाचायला घेतलं. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी 1812 साली लोककथांचा पहिला संग्रह छापला. त्यात हिमगौरीला मारायला निघालेली राणी सावत्र नाही, सख्खी आई आहे! बर्फासारखी गोरी मुलगी व्हावी अशी इच्छा जिने धरली, तीच पुढे लेकीच्या रूपावर जळते आणि शिकाऱ्याबरोबर तिला जंगलात पाठवते. 1819 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी बदल केला. सख्खी आई बाळंतपणात वारते, वर्षभराने राजा दुसरी करतो, आणि पुढची सगळी पापं त्या दुसरीच्या नावावर.

हॅन्सेल आणि ग्रेटेलचंही तेच. घरात भाकरी नाही, म्हणून मुलांना रानात सोडून येऊ असं पहिल्या आवृत्तीत त्यांची आईच म्हणते. पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र झाली.

असं का केलं असेल? पहिला संग्रह लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही, अशी टीका झाली होती. पुढे धाकटे विल्हेल्म गोष्टी घरात वाचता येतील अशा करत गेले. घरात आई म्हणजे देवता. ती मुलाला मारायला निघाली, हे कसं वाचायचं? मग आईचा राग, तिची असूया, तिची भूक, हे सगळं उचलून दुसऱ्या बाईच्या पदरात टाकलं. सख्खी आई पवित्र राहिली, कारण ती गोष्टीत आधीच मेली.

अर्थात सगळ्याच गोष्टींत असं झालेलं नाही. सिंड्रेलाची आई आधीपासूनच सावत्र आहे. त्या काळी बायका बाळंतपणात फार जायच्या, दुसरी लग्नं व्हायची, आणि थोड्याशा भाकरीत व वाटणीत दोघींची मुलं समोरासमोर यायची. ती भीती खरी होती. पण बापाकडे बघा. हॅन्सेलचा बाप कुरकुरत का होईना दोन्ही वेळा तयार होतो. शेवटी मुलं त्याच्याच गळ्यात पडतात. बायको तोवर मेलेली असते. शिक्षा तिला, माफी त्याला.

आणि मग मला आपली कैकेयी आठवली. आपल्याकडे रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात मंथरेच्या कारस्थानाने घर फुटत नाही. दशरथ दीक्षा घ्यायला निघतो, भरतालाही वैराग्य येतं. नवरा आणि मुलगा एकदमच जाणार, या धास्तीने ती भरतासाठी राज्य मागते, म्हणजे तो तरी घरात राहील. राम आपणहून निघून जातात. पुढे ती स्वतः वनात जाऊन त्यांना परत बोलावते, चुकलं म्हणते. चूक तिचीच आहे, ती कुणी झाकत नाही. पण ती का चुकली हे आपल्याला कळतं. ती कुणाची तरी आई म्हणूनच चुकली. सावत्र म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "काल मी अर्धीच गोष्ट सांगितली. पहिल्या पुस्तकात ती राणी हिमगौरीची सख्खी आई होती. नंतर लोकांनी बदललं."

ती बराच वेळ विचार करत बसली. मग विचारलं, "आणि राजा कुठे होता?"

मला उत्तर देता आलं नाही. आतून बहिणीने हाक मारली, "वेणी घालायची आहे ना?" ती पळाली. कंगवा अडकला तशी ओरडली, "आई, दुखतंय!" बहीणही वैतागून म्हणाली, "मग हलू नकोस की!"

माझी आई मला अगदी असंच ओरडायची. तेव्हा तिला कुणी सावत्र म्हटलं नाही.