मधला बिंदू

आमच्या घराचं मागचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्याला एक लोखंडी ठोकळा लावलेला असतो. लांबी ऐंशी मिलिमीटर, रुंदी नि उंची चाळीस-चाळीस, वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर. एका बाजूनं पायरी काढलेली, पायरीत एक उभं भोक, तिच्या मागच्या भिंतीत एक आडवं. पायपुसण्याशेजारी पडलेल्या या वस्तूनं एकेकाळी माझी झोप उडवली होती, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना कशाला कळेल?

तिची गोष्ट पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षापासून सुरू होते. कोल्हापूर, वर्गात साठ मुलं आणि आम्ही तिघी. ड्रॉइंगच्या तासाला शीटला चार कोपऱ्यांत क्लिपा लावायच्या, मिनी ड्राफ्टर कसायचा, टू-एच पेन्सिलीला टोक काढायचं, आणि मग सर फळ्यावर दोन आकृत्या काढून एक जागा मोकळी ठेवायचे. वर फ्रंट व्ह्यू, म्हणजे वस्तू समोरून कशी दिसते ते. त्याच्या बरोबर खाली टॉप व्ह्यू, वरून कशी दिसते ते. उजवीकडची मोकळी जागा आमची. दोन दिलेत, तिसरा काढा. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत, त्यामुळे डावीकडून पाहिलेला देखावा उजवीकडे येतो. हे उलटंपालटं अंगवळणी पडायला मला एक सहामाही लागली.

पहिलंच उदाहरण दिसायला अगदी गरीब होतं. फ्रंट व्ह्यू म्हणजे चाळीसचा चौरस, त्याच्या मधोमध एक आडवी रेघ. टॉप व्ह्यू म्हणजे पुन्हा चाळीसचा चौरस, त्याच्याही मधोमध एक आडवी रेघ. दोन्ही रेघा ठसठशीत, तुटक नाहीत. अख्ख्या वर्गानं पायरी काढली. मीही काढली. इंग्रजी एल अक्षरासारखी, वरचा उजवा कोपरा वीस बाय वीसचा कापलेला.

सरांनी एक शीट उचललं आणि विचारलं, "हीच कशावरून?"

आम्ही गप्प. पायरी बसते, रेघा जुळतात, अजून काय हवं?

त्यांनी मग काय केलं ते मला अजून फळ्यासकट दिसतं. फ्रंट व्ह्यूमधल्या तीन उंच्या, शून्य, वीस आणि चाळीस, त्यांच्यावरून उजवीकडे तीन फिक्या आडव्या रेघा ओढल्या. टॉप व्ह्यूमधल्या तीन खोल्याही उजवीकडे नेल्या, पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या रेघेवर आदळवल्या आणि तिथून सरळ वर काढल्या. तीन आडव्या, तीन उभ्या. मोकळ्या जागेत नऊ ठिकाणी छेद पडले. त्यांवर खडूनं नऊ ठिपके दिले आणि म्हणाले, "उत्तर या नवांत आहे. कुठले घ्यायचे आणि कसे जोडायचे, तेवढंच तुम्ही ठरवायचं."

खालचे दोन कोपरे आणि वरचा डावा, हे तीन ठिपके घेतले की बाहेरचे चौरस पुरे होतात. वरच्या कडेचा मधला आणि उजव्या कडेचा मधला, हे दोन घेतले की दोन्ही व्ह्यूंमधल्या मधल्या रेघा तिथून येतात. झाले पाच. आता नवांच्या ऐन मध्यावर जो ठिपका आहे, तो घेतला तर पायरी होते. तो वगळून कडेचे दोघे सरळ रेघेनं जोडले, तर कोपरा तासलेला उतार होतो, म्हणजे चॅम्फर. आणि तेच दोघे आत वळलेल्या कमानीनं जोडले, तर वाटीसारखी खोलगट खाच होते. तिन्हींचा फ्रंट व्ह्यू तोच आणि टॉप व्ह्यूही तोच. वर्गातल्या त्रेसष्टही जणांचं उत्तर बरोबर होतं, आणि एकालाही दुसरं उत्तर असू शकेल असं वाटलं नव्हतं.

असं का होतं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. ही विद्या रीतसर मांडली ती फ्रान्सच्या गास्पार माँजनं. मेझिएरच्या लष्करी शाळेत तटबंदीची किचकट आकडेमोड त्यानं नुसत्या रेखाटनानं सोडवली. ती पद्धत बरीच वर्षं लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली होती, आणि 1795 साली पॅरिसमध्ये त्यानं ती व्याख्यानांतून उघड शिकवली. माँजला दोनच व्ह्यू पुरायचे, कारण त्याच्या रेखाटनात बिंदूंना नावं असत. खालचा अ आणि वरचा अ एकच आहे, हे ठाऊक असलं की त्या बिंदूची लांबी, खोली, उंची तिन्ही ठरतात. यंत्राच्या भागाच्या नकाशात मात्र कोपऱ्यांवर नावं घालत नाहीत. आमच्या चौरसाच्या डाव्या कडेवर पाच-सहा कोपरे एकामागे एक दडलेले असतात. वरच्या आकृतीतला कुठला कोपरा म्हणजे खालच्या आकृतीतला कुठला, हे कागद सांगत नाही. म्हणून सर कोपऱ्यांना आकडे द्यायला लावायचे, फ्रंटमध्येही आणि टॉपमध्येही. मला तो बालवाडीचा प्रकार वाटायचा. नोकरी लागल्यावर मी तो सोडून दिला.

नोकरी उद्यमनगरात, एका लहान कारखान्यात. हुद्दा ड्राफ्ट्समन. बाईला ड्राफ्ट्समन का म्हणतात, असं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. 1988 च्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाकडून जुनी अमोनिया प्रिंट आली. घड्या पडून पडून उजवी बाजू फाटून गेलेली. फिक्स्चरमध्ये बसवायचा ठोकळा होता. एलेव्हेशन आहे, प्लॅन आहे, साइड व्ह्यू गायब. मोजमापं पाहिली तर ऐंशी, चाळीस, चाळीस आणि मधल्या रेघा वीसवर. मला हसूच आलं. पहिल्या वर्षाचं उदाहरण! एका तासात ट्रेसिंग पुरं केलं. पायरी.

मिलिंगवरच्या मिस्त्रींनी मात्र नकाशा हातात घेऊन जरा वेळ लावला. "ताई, ही पायरीच हाय न्हवं? उतार न्हाई?"

"पायरीच," मी म्हटलं.

ईएन-एटचे सहा नग झाले. गिऱ्हाइकाचा माणूस आला, एक नग उचलला, पायरीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "याच्यावर कास्टिंग चढणार कसं?" ढकलत आणलेलं कास्टिंग त्या उतारावरून अलगद वर चढून जाग्यावर बसायचं होतं. वीसचा चॅम्फर हवा होता, पंचेचाळीस अंशांत. सहाही नग भंगारात.

मिस्त्री रागावले नाहीत, उलट त्यांनी मला हिशेब समजावला. उतार मारला तर कोपऱ्यातून दोनशे चौरस मिलिमीटर जातं, आत वळलेली खाच केली तर सव्वातीनशेच्या जरा आत, आणि पायरी केली तर पुरतं चारशे. शिवाय पहिलं दुसऱ्यात मावतं, दुसरं तिसऱ्यात. "शंका हुती तर आधी उतार मारायला सांगायचा. पायरी हवी झाली असती तर त्याच नगावर नंतर काढली असती." वर्गात तिन्ही उत्तरं एका तोलाची होती. यंत्रावर ती तशी नव्हती, आणि मी नेमकं सगळ्यात जास्त लोखंड खाणारं उत्तर निवडलं होतं.

पण खरी बोच ती नव्हती. त्या रात्री मी फाटकी प्रिंट पुन्हा टेबलावर पसरली आणि दिसलं की ती मुकी नव्हतीच. आठ मिलिमीटरचं एक भोक होतं. टॉप व्ह्यूमध्ये पुढच्या पट्ट्याच्या मध्यावर वर्तुळ, आणि फ्रंट व्ह्यूमध्ये वरच्या पट्ट्याच्या मध्यावर, पहिल्याच्या बरोबर रेषेत, दुसरं वर्तुळ. मी त्याची दोन भोकं केली होती. पायरीत एक उभं, भिंतीत एक आडवं. पण आडवं भोक असतं, तर वरून पाहताना मागच्या भागात त्याच्या दोन तुटक रेघा दिसायला हव्या होत्या, आणि तिथे काहीच नव्हतं. उलट फ्रंट व्ह्यूमध्ये उभ्या भोकाच्या तुटक रेघा मधल्या रेघेशी न थांबता तिला ओलांडून त्या वर्तुळापर्यंत गेल्या होत्या. पायरीच्या वर तर हवा असते. हवेत भोक कसं पाडणार? जुन्या ड्राफ्ट्समनचा हात घसरला असेल, असं मनाशी म्हणून मी ट्रेसिंगवर त्या रेघा छाटल्या होत्या. चूक माझी, आणि दुरुस्ती त्याच्या कामात.

भोक एकच होतं, उतारावर वरून खाली पाडलेलं. पंचेचाळीसच्या सरळ उतारावर जितकं मागे जावं तितकंच वर चढतं, म्हणून तिथलं उभं भोक समोरूनही वर्तुळच दिसतं. आत वळलेली खाच असती तर त्याचं तोंड समोरून वेडंवाकडं दिसलं असतं. म्हणजे त्या एका वर्तुळानं पायरीही बाद केली होती आणि खाचही. दोन्ही व्ह्यूंत त्याला एकच आकडा दिला असता, तर मला ते तिथल्या तिथे कळलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी पेन्सिलीनं आकडे घालायला लागले, निवृत्त होईपर्यंत. सहांतला एक नग मिस्त्रींनी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. कागद उडू नयेत म्हणून, असं ते म्हणाले.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यांच्याकडे आता आधी संगणकावर अख्खी वस्तू घडवतात, मग हवे तितके व्ह्यू आपोआप पडतात. तिसरा व्ह्यू हरवण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला दाराचा ठोकळा दाखवून मी सगळी हकिगत सांगितली. त्यानं लॅपटॉप उघडला, पायरी, उतार आणि खाच अशा तिन्ही वस्तू केल्या, ओळीनं मांडल्या आणि समोरून-वरून पाहिल्या. तिन्ही जुळ्या.

मग थोडा वेळ खुडबुड करून म्हणाला, "आत्या, चौथंही आहे की. कमान बाहेर फुगवली तर?"

त्यानं कडेचे तेच दोन ठिपके घेऊन त्यांच्यामधून शंभर त्रिज्येची फुगीर कमान काढली. दोन्ही व्ह्यूंत रेघा जागच्या जागी. पन्नास केली. रेघा तशाच. तीस, पंचवीस. ठोकळा पोट काढत चालला होता आणि फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू हलायला तयार नव्हते. इतक्या वर्षांत हे मी कधी करून पाहिलं नव्हतं.

"आता वीस घाल," मी म्हटलं.

त्यानं वीस घातले. रेघा फिकट झाल्या, पण राहिल्या.

"या कशा राहिल्या? कमान दोन्ही बाजूंना गुळगुळीत मिसळली, कड उरलीच नाही."

"ते सेटिंग आहे आत्या, टँजंट कडा पुसट दाखवतं." त्यानं कुठेतरी टिचकी मारून ते बंद केलं. दोन्ही चौरस कोरे झाले.

"आता यांच्यावरून तिसरा काढ," मी म्हटलं आणि फराळाचं बघायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यानं लॅपटॉप मिटला होता आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीनं चौरस काढत बसला होता. तीन आकार झाले होते, चौथा चालू होता.