ईसीजीवरील एक आकडा आणि पित्ताची कॅप्सूल

घरातील ज्येष्ठांचा ईसीजी काढला की आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, "अटॅक नाही ना?" उत्तर 'नाही' असे आले की तो कागद फाइलमध्ये जातो. त्याच कागदावर वरच्या बाजूस QTc अशी अक्षरे आणि पुढे एक आकडा छापलेला असतो. सोलापुरात वैद्यकीय व्यवसाय करताना हा आकडा मी नातलगांना आवर्जून दाखवतो. त्याचे कारण आज आपल्याला सांगावयाचे आहे.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावे लागते. ठोक्याची विद्युत लहर सुरू झाल्यापासून ही सज्जता पुरी होईपर्यंतचा काळ म्हणजे क्यूटी. नाडीच्या गतीचा हिशेब धरून काढलेला आकडा म्हणजे क्यूटीसी. पुरुषांत सुमारे ४५० आणि स्त्रियांत सुमारे ४६० मिलिसेकंदांपर्यंत तो नेहमीचा मानतात. पाचशेच्या पुढे गेला की काळजीचे ठरते. आपण मागाच्या गावचे लोक. धोटा पलीकडे पोहोचण्याआधीच फणी आपटली तर ताण्याचे धागे तुटतात, हे येथे सांगावे लागत नाही. हृदयाचेही तसेच आहे. सज्जता अपुरी असताना एखादा आगंतुक ठोका पडला, तर अतिजलद आणि वेडीवाकडी लय सुरू होऊ शकते. मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि माणूस कोसळतो. पुष्कळदा ही लय काही क्षणांत आपोआप थांबते व माणूस उठून बसतो. मग 'उन्हाने भोवळ आली' असे म्हणून आपण विषय संपवतो. ती थांबली नाही, तर मात्र जीव जातो.

पेशी सज्ज होण्यासाठी त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर पडावे लागते. काही औषधे नेमकी ही वाट अडवतात. रक्तातील पोटॅशियम फार कमी झाले तरीही हीच वाट मंदावते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो.

माझ्याकडे आलेल्या एका आजींचे पाहा. वय ७४. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. पित्तासाठी पँटोप्रॅझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल, जुन्या चिठ्ठीवर चार वर्षे रोज. मे महिन्यात तीन दिवस जुलाब झाले. त्यातच खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. क्यूटीसी ५२० होता, पोटॅशियम २.८, ते ३.५ च्या खाली जाऊ नये.

यात एकटे औषध दोषी नव्हते. डॉम्पेरिडोन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही क्यूटी लांबवतात. लघवीच्या गोळीने आणि जुलाबाने पोटॅशियम गेले. पँटोप्रॅझोल वर्षानुवर्षे घेतल्यास काहींचे मॅग्नेशियम घटते, तेही हृदयाची लय बिघडवू शकते. वाढते वय आणि स्त्री असणे यांनी धोक्यात आणखी भर पडते. आम्ही ही औषधे थांबवली, पोटॅशियम व मॅग्नेशियम शिरेतून दिले आणि त्यांना मॉनिटरवर ठेवले. ॲझिथ्रोमायसिन शरीरातून सावकाश जाते. आकडा ४४५ वर यायला आठवडा लागला.

डॉम्पेरिडोनविषयी थोडे अधिक सांगतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ व उलटीपुरता सीमित केला. प्रौढांना १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा एका आठवड्याहून अधिक नाही. साठीपुढच्यांत आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत धोका जास्त आढळला होता. आपल्याकडील अनेक पित्ताच्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन ३० मिलिग्रॅमच असते आणि ती महिनोन्महिने घेतली जाते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल सोबत आले, तर डॉम्पेरिडोन शरीरात साठते. शिवाय ही दोन्ही स्वतःही क्यूटी लांबवतात. उलटीसाठीचे ऑन्डॅनसेट्रॉन, लिव्होफ्लॉक्सासिन, नैराश्यावरचे एस्सिटॅलोप्राम आणि हृदयाच्या लयीसाठीचे अमिओडॅरोन हीदेखील त्याच यादीतली.

म्हणून घाबरून कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. यांतील एखादे औषध योग्य मात्रेत घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही, आणि अमिओडॅरोनसारखे औषध अचानक सोडणे घातक ठरू शकते. जपायचे ते औषधांच्या संगतीला. नवीन डॉक्टरांकडे जाताना पित्ताच्या कॅप्सूलसह घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. जुना ईसीजी सोबत ठेवा, म्हणजे आकडा वाढला का ते कळेल. जुलाब-उलट्या चालू असताना नवे अँटिबायोटिक लिहून मिळाले, तर "आधी पोटॅशियम आणि ईसीजी पाहायचा का?" असे विचारा. आणि कोणी एकाएकी शुद्ध हरपून पडले, तर ते लगेच सावरले तरी त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.