काठी कोणत्या हातात?



व्याख्यान सुटल्यावर उपाश्रयाच्या दारात आजीमंडळींकडे कधी नीट पाहा. दहा जणींच्या हातात काठी असेल, तर निम्म्याहून अधिक जणींनी ती दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरलेली दिसेल. कारण सरळ वाटतं. उजवा गुडघा दुखतो, म्हणून आधार उजवीकडे. सिनेमातला म्हाताराही तसाच चालतो. पण हे उलटं आहे. उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी.

हे मी आमच्या बांच्या निमित्ताने शिकले. बा म्हणजे माझ्या सासूबाई, वय सत्त्याऐंशी, उजवा गुडघा झिजलेला. डोकं आणि हात अजून ठणठणीत, रोज सकाळी देरासरला स्वतःच्या पायांनी जायचं हा नेम. गेल्या वर्षी होळीनंतर त्या दोनदा तोल जाता जाता वाचल्या आणि घरात कुजबुज सुरू झाली की आता बांना घरीच बसवावं. बांना ते कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, “दर्शनाशिवाय मी पाणी घेत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.” म्हणजे प्रश्न नुसता गुडघ्याचा नव्हता. त्यांना आम्ही अलिबागला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी बांचा गुडघा तपासायच्या आधी काठी तपासली.

काठी होती आमच्या सासऱ्यांची. वेताची, वाकड्या मुठीची, चांगली चकचकीत. सासरे उंच होते आणि बा जेमतेम चार फूट दहा इंच. बाईंनी बांना अनवाणी सरळ उभं केलं, हात मोकळे खाली सोडायला सांगितले आणि जमिनीपासून मनगटाच्या आतल्या बाजूच्या आडव्या रेघेपर्यंत टेप लावली. एकाहत्तर सेंटिमीटर. सासऱ्यांची काठी रबरासकट चौऱ्याऐंशी भरली. तेरा सेंटिमीटर जास्त, म्हणजे अर्ध्या वितीहून अधिक.

मनगटाची ती रेघ हेच माप. काठीची मूठ तिथे आली की मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं, आणि त्या थोड्या वाकलेल्या कोपरातूनच काठीवर जोर देता येतो. काठी उंच असेल तर कोपर फार वाकतं, खांदा कानाकडे चढतो आणि दाबायला ताकदच उरत नाही. काठी नुसती सोबत चालते. बांची मान आणि उजवा खांदा महिनोन् महिने दुखत होता तो यामुळे. काठी बुटकी असेल तर माणूस त्या बाजूला कलतो, पुढे वाकतो आणि मनगट दुखू लागतं. तुमच्या घरी मोजताना दोघी लागतात, एकीने उभं राहायचं आणि दुसरीने मोजायचं. स्वतः खाली वाकून बघितलं की खांदा खाली येतो आणि माप चुकतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. माप नेहमी जे पायात असतं त्यावर घ्यायचं असतं. पण आपल्या बायका घरात अनवाणी, देरासरात तर अनवाणीच. म्हणून बांचं माप अनवाणी घेतलं. बाहेरच्या पातळ चपलेने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, तो चालतो. पण कुणी दिवसभर जाड तळव्याची चप्पल घालत असेल तर तिने ती घालूनच मोजावं.

आता हाताचं. आपण चालताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा डावा हात पुढे जातो, हे आपोआप होतं. काठी डाव्या हातात असली की ती दुखऱ्या उजव्या पायाबरोबरच जमिनीवर टेकते. ज्या क्षणी सगळं वजन उजव्या पायावर यायचं, त्याच क्षणी त्यातला काही भार डावीकडून काठी उचलते. शिवाय उजव्या पायावर उभं राहिलं की कंबर डावीकडे खाली जायला बघते आणि ती सावरायला उजव्या खुब्याचे स्नायू ताणले जातात. डावीकडची काठी ती कंबर खालून धरते, म्हणून त्या खुब्यावरचाही ताण कमी होतो. काठी उजवीकडेच धरली तर शरीर त्या बाजूला झुकतं आणि दुखऱ्या पायावर उलट जास्त भार पडतो. लांबून पाहिलं तरी ओळखता येतं. माणूस प्रत्येक पावलाला काठीच्या बाजूला हेलकावे खात असेल तर हात बदलून बघा.

बा म्हणाल्या, “मी उजव्या हाताची, डाव्या हाताला काय जमणार?” बाईंनी त्यांना एकच चाल शिकवली. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे, मग चांगला पाय. काठी पावलाच्या बाजूला चार-सहा इंचांवर टेकायची. फार पुढे टाकली की निसटते, फार जवळ आली की पायात येते. आणि नजर पायांवर नाही, थोडी पुढे. बा हसल्या आणि म्हणाल्या, “ही तर ईर्यासमिती झाली.” खरंच आहे. चार हात पुढची जमीन बघत चालायचं हे साधू-साध्वींना शिकवलेलं असतं. जीव वाचवण्यासाठी सांगितलेली ती नजर काठीच्या चालीलाही नेमकी बसते, कारण मान खाली घातली की पाठ वाकते आणि काठीचं माप बिघडतं.

सासऱ्यांची काठी कापून घ्यावी का, असं मी विचारलं. बा काही बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावरून मी समजले. ती काठी आता त्यांच्या खोलीत खुंटीला आहे. तसंही वाकड्या मुठीत बोटं एकाच जागी दाबली जातात. ज्यांना काठीवर खरा भार द्यायचा आहे त्यांना आडवी, तळहातभर रुंद मूठ बरी. आम्ही ॲल्युमिनियमची घेतली, तिला खटका असतो आणि इंचा-इंचावर भोकं. खटका भोकातून पूर्ण बाहेर आलाय का ते बोटाने चाचपायचं आणि वरची चकती घट्ट फिरवायची, नाहीतर काठी खटखट वाजते आणि एक दिवस आत जाते. मुरुडच्या खाऱ्या हवेत खटका अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा पुसून हलवून ठेवते. लाकडी काठी कापायचीच असेल तर रबर काढून कापा, पण माप रबर बसवून धरा.

पायऱ्यांचा धडा मात्र सगळ्यात महत्त्वाचा, कारण भीती तिथेच असते. नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना शरीर वर उचलायचं काम वरच्या पायाला करावं लागतं, म्हणून चांगला पाय वर, मग दुखरा पाय आणि काठी त्याच पायरीवर. उतरताना वरच्या पायाला गुडघा वाकवून सगळा भार हळूहळू खाली सोडावा लागतो, म्हणून चांगला पाय वरच ठेवायचा. काठी आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आले की मगच पुढची.

कठडा असेल तर तो सोडून काठीवर विसंबायचं नाही. आमच्या ओट्याला चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि चढताना कठडा डावीकडे आहे. बा चढताना डाव्या हाताने कठडा धरतात, म्हणून काठी उजव्या हातात घेतात. ही नियमाला सोडून गोष्ट नाही. चांगल्या बाजूचा आधार कठडा देतोच आहे. उतरताना तोच कठडा उजवीकडे येतो, मग काठी परत डाव्या हातात. हात बदलायचा तो पहिल्या पायरीआधी, उभं राहून. मी चढताना त्यांच्या मागे एक पायरी खाली आणि उतरताना त्यांच्या पुढे एक पायरी खाली असते. दंड धरत नाही, कारण दंड ओढला की काठीचा हात अडकतो. कमरेशी हात तयार ठेवते.

पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरतं. तेव्हा काठीचं रबर बघायचं. तळाच्या गोल रेघा झिजून गुळगुळीत झाल्या की ते बदलायचं. दुकानात काठीच घेऊन जा, कारण रबराचं भोक काठीच्या जाडीवर असतं आणि सैल बसलेलं रबर नसल्यापेक्षा वाईट. देरासरात शिरण्याआधी रबर ओल्या फडक्याने पुसतो, मग कोरड्याने. ओलं रबर संगमरवरावर सरकतं. समुद्रावर ओल्या घट्ट वाळूपर्यंत ठीक, कोरड्या भुसभुशीत वाळूत काठी रुतते, तिथे माणसाचा हातच धरावा.

पालिताण्याला तळेटीला मिळणारी बांबूची काठी घेऊन ती घरी वापरणाऱ्या मला दोघी ठाऊक आहेत. ती छातीपर्यंत उंच असते, हजारो पायऱ्या चढताना दम घेत रेटा द्यायला. तिचं काम वेगळं. महाराजसाहेबांचा दांडाही तसाच उंच असतो, तो विहाराच्या वाटेसाठी. दुखऱ्या गुडघ्याला मनगटाएवढीच काठी.

वॉकरबद्दल थोडक्यात. एका हाताचा आधार पुरत नाही, दोन्ही पाय डळमळतात, अशांना तो लागतो. उंची तीच, मनगटाच्या रेघेची. वॉकर एक पाऊल पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला, आणि शरीर त्याच्या चौकटीत. तो फार पुढे ढकलला की माणूस पुढे वाकून लोंबकळतो. खुर्चीतून उठताना वॉकर ओढायचा नाही, तो उलटतो. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं. आणि पायऱ्यांवर तो नेहमीच्या चालीने नेऊच नये. नुकतं खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर किती भार द्यायचा हे डॉक्टर सांगतील तेच. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, पायात अचानक जोर नसेल, तर काठी बदलून उपयोग नाही, आधी डॉक्टर.

बांना नवी चाल अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. पहिले काही दिवस काठी नकळत उजव्या हातात जायची, म्हणून मी डाव्या मनगटाला पूजेचा लाल धागा बांधला. आता धागा सुटला तरी हात चुकत नाही. खांद्याचं दुखणं कमी झालं. गुडघा तोच आहे, तो बरा होणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण चातुर्मासभर त्यांनी एकही दर्शन चुकवलं नाही.

आज घरी कुणाची काठी असेल तर टेप काढा आणि एकदा मनगटाशी लावून बघा.

जय जिनेंद्र.