समासातला ल

वाचनालयातल्या कादंबरीत अनोळखी माणसाच्या नोंदी सापडतात, ही कल्पना कथाकाराला लवकर भुरळ घालते. मग तो त्या नोंदींत सगळा जीव ओततो आणि त्या पत्रासारख्या लांब होतात. खऱ्या समासात कोणी एवढं लिहीत नाही. ‘खरं आहे’, ‘आमच्याकडेही’, एखादी उभी रेघ, आणि मग चाळीस पानं काहीच नाही. मला ती कोरी पानं जास्त कामाची वाटतात.

माझी कथा केडगावची. सुमन शटलनं पुण्याला नोकरीला जाते आणि गाडीत वाचायला हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ नेते. हे पुस्तक मी मुद्दाम निवडलं. १८९०च्या दशकातली ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितलेली आहे, आणि विधवा झाल्यावर तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावातच, म्हणून इथला वाचक लगेच ठरवतो की नोंदी मिशनातल्या एखाद्या बाईच्या असणार. सुमनलाही तसंच वाटतं.

नोंदी कोणाच्या, हे मला पुस्तकाच्या देहातूनच काढायचं होतं. वाचनालयाचं पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जातं. तो ते नव्यानं शिवतो, पुठ्ठा बदलतो आणि कडा सारख्या करायला तिन्ही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर कापतो. त्यात समासातली अक्षरंही जातात. डाव्या पानावर ओळींची सुरुवात कापली जाते, उजव्या पानावर शेवट. नोंद तुटलेली दिसली की ती बांधणीच्या आधीची, एवढं नक्की.

मराठीत बाई की पुरुष, हे बहुधा क्रियापदाच्या शेवटी कळतं, आणि उजव्या पानावर नेमका तोच शेवट जातो. केशवपनाच्या प्रसंगाजवळ माझ्या कथेत पेन्सिलीनं लिहिलंय : ‘इथे मी थांबल’. पुढचं कापलेलं. सुमन मनात ‘थांबले’ वाचते, आणि बरीच पानं आपणही तेच वाचतो.

नंतर ती पान खिडकीच्या उजेडात धरते. ल पूर्ण आहे, दांडीसकट, वर शिरोरेघही शाबूत. ‘ले’ असता तर मात्रा त्या दांडीच्याच डोक्यावर दिसली असती. ‘लो’मध्ये मात्रा पुढच्या कान्यावर बसते, आणि कान्यासकट ती कापली जाते. थांबला होता तो पुरुष. (दांडीच कापली गेली असती तर हा तर्क लंगडा पडला असता, म्हणून ती दांडी मी कथेत आधीच एकदा दाखवून ठेवली.)

कथा वाचलेल्या एका मित्राचं म्हणणं, त्याचं नाव तरी सांग. पण तारखांची जुनी चिठ्ठी जुन्या पुठ्ठ्याबरोबर गेली, आणि नवीवर बांधणीनंतरच्याच तारखा. नाव मिळण्याची वाट मीच बुजवली आहे. तो अजून कुरकुरतो.